रात्रीच्या गॅपचा हिशेब धरून क्वांटिटी कशी ठरवायची: स्विंग ट्रेडिंगला नव्यानं आलेल्यांसाठी

कोल्हापुरात शेअर घेणारा माणूस बहुतेक करून दिवसभर दुसऱ्या कामात असतो. कुणाचा उद्यमनगरात कारखाना, कुणाचं लक्ष्मीपुरीत दुकान, कुणाची शाळेत नोकरी. स्क्रीनसमोर बसून इंट्राडे करणं जमत नाही, म्हणून शेअर घेऊन आठ-पंधरा दिवस ठेवायचा आणि खाली स्टॉप लावायचा, ही पद्धत सगळ्यांना सोयीची वाटते. क्वांटिटी काढायचं गणितही सगळ्यांना एकच शिकवलेलं असतं: एका ट्रेडमध्ये जेवढे पैसे घालवायची तयारी आहे, त्याला खरेदी भाव आणि स्टॉप यांच्यातल्या फरकानं भागायचं.

हे गणित इंट्राडेला बऱ्यापैकी चालतं. शेअर रात्रभर ठेवणाऱ्याला मात्र ते फसवतं, कारण त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे स्टॉपच्याच भावाला आपला माल विकला जाईल. दुपारी साडेतीनला बाजार बंद होतो आणि सकाळी सव्वानऊला पुन्हा चालू होतो. या मधल्या पावणेअठरा तासांत बातमी येते, अमेरिकेचा बाजार पडतो, कंपनीचा निकाल लागतो. सकाळी भाव थेट स्टॉपच्या खाली उघडला, तर मधल्या भावांना एकही सौदा झालेला नसतो. तिथं तुमचा माल विकायला गिऱ्हाईकच नव्हतं.

म्हणून इथं जी रीत सांगतो तिच्यात स्टॉप भरलाच जाईल असं धरलेलं नाही. गॅप म्हणजे आदल्या दिवशीचा बंद भाव आणि सकाळचा उघडता भाव यांतली उडी. त्या शेअरमध्ये आजवर रात्रीत किती मोठे गॅप पडले ते मोजायचं आणि क्वांटिटी त्यावरून काढायची. एका शेअरला पहिल्यांदा तासभर लागतो, पुढं दहा मिनिटं.

काय काय लागेल

- एक्सेल किंवा गूगल शीट.
- त्या शेअरचा जानेवारी २०२० पासूनचा रोजचा भाव: ओपन, हाय, लो, क्लोज. एनएसईच्या साइटवर सीएसव्ही फाइल फुकट मिळते.
- कंपनीच्या निकालांच्या तारखा आणि बोनस, स्प्लिट, डिव्हिडंड, डीमर्जर यांच्या एक्स-डेट. या एनएसई आणि बीएसई दोन्हींच्या साइटवर असतात.
- तुमच्या ब्रोकरच्या ॲपमधले ऑर्डरचे प्रकार नीट माहीत असणं.

जानेवारी २०२० अशासाठी की मार्च २०२० त्यात आला पाहिजे. नुसता 'मागच्या पाच वर्षांचा' डेटा उतरवला तर कोविडची पडझड बाहेर राहते आणि शेअर उगाच शांत दिसतो.

१. आधी समजून घ्या: सकाळी तुमच्या स्टॉपचं नेमकं काय होतं

एनएसईवर सकाळी ९ ते ९.१५ प्री-ओपन असतं. पहिल्या सात-आठ मिनिटांत ऑर्डरी गोळा होतात, मग जास्तीत जास्त माल ज्या भावाला जुळतो तो एकच भाव ठरतो. तोच त्या दिवसाचा ओपन. या प्री-ओपनमध्ये स्टॉपलॉस ऑर्डर घेतल्या जात नाहीत. म्हणजे गॅप पडत असताना तुमचा स्टॉप मैदानात नसतोच. तो ९.१५ ला जागा होतो आणि तेव्हा समोर जो भाव असेल त्याच्याशी त्याची गाठ पडते.

स्टॉप मार्केट प्रकारचा असेल, तर त्या भावाला विकून मोकळा होतो. लिमिट प्रकारचा असेल, म्हणजे ट्रिगर ७७६ आणि लिमिट ७७५ असा, आणि शेअर ७५५ ला उघडला, तर ऑर्डर ट्रिगर होते आणि ७७५ ला विक्रीची ऑर्डर म्हणून तशीच लटकत राहते. तुम्ही कामात असता, मोबाइलवर 'ट्रिगर झाला' असा मेसेज येतो, आणि शेअर डिमॅटमध्ये जिथल्या तिथं असतो. भाव आणखी पडत जातो. बहुतेक ब्रोकरांची जीटीटी, म्हणजे एकदा लावली की ट्रिगर लागेपर्यंत रोज टिकून राहणारी ऑर्डरसुद्धा, ट्रिगरनंतर लिमिट ऑर्डरच पाठवते, म्हणून हा सापळा जीटीटी लावणाऱ्यांना जास्त लागतो.

सगळे मोठे दिवस गॅपचे नसतात, हेही बघून ठेवा. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी जवळजवळ ६ टक्के पडली, पण उघडली होती अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी खाली. त्या दिवशी निफ्टीमधल्या बऱ्याच स्टॉपना काम करायला वाव होता. उलट ७ एप्रिल २०२५ च्या सोमवारी, ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या धक्क्यानंतर, निफ्टी उघडलीच साधारण ५ टक्के खाली आणि दिवसभरात थोडी सावरली. स्टॉपवाल्यांचं खरं नुकसान दुसऱ्या प्रकारच्या दिवशी होतं. आपल्याला मोजायचाय तो फक्त ओपन आणि आदल्या क्लोजमधला फरक. दिवसभराची पडझड त्यात मिसळू देऊ नका.

२. डेटा शीटमध्ये आणा

सीरिज 'ईक्यू' निवडून फाइल उतरवा. साइट एका वेळी ठरावीक काळाचाच डेटा देते, त्यामुळं तुकडे जोडावे लागतात. शीटमध्ये ए कॉलमला तारीख, बी ओपन, सी हाय, डी लो, ई क्लोज असं ठेवा.

इथं दोन गोष्टी हमखास अडवतात. एक, फाइलमध्ये नवी तारीख वर आणि जुनी खाली असते. तशीच ठेवून सूत्र ओढलं तर आजचा ओपन उद्याच्या क्लोजशी ताडला जातो आणि आकडे खरे वाटतील असेच येतात, म्हणून चूक दिसत नाही. आधी तारखेनुसार जुनं वर, नवं खाली लावा. दुसरं, हजाराच्या वरचे भाव स्वल्पविरामासकट येतात आणि शीट त्यांना अक्षरं समजते. स्वल्पविराम काढून टाका.

मग एफ कॉलममध्ये तिसऱ्या ओळीपासून गॅप:

```
=B3/E2-1
```

खाली शेवटपर्यंत ओढा. वर्षाला साधारण अडीचशे दिवस बाजार चालतो, त्यामुळं तुमच्याकडं दीड हजारांच्या आसपास रात्री जमतील.

एक बारकावा: एनएसईचा क्लोज म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. या डेटातला क्लोज शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो. मोठ्या शेअरमध्ये यानं फारसं बिघडत नाही. पातळ उलाढालीच्या शेअरमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत भाव बराच सरकलेला असतो, तिथं फाइलमधला 'लास्ट प्राइस' वापरलेला बरा.

३. खोटे गॅप काढून टाका

आधी एफ कॉलम कॉपी करून तिथंच 'पेस्ट व्हॅल्यूज'नं नुसते आकडे चिकटवा, नाहीतर ओळी हलवल्या की सूत्रं बिघडतात. मग पूर्ण शीट एफ कॉलमनुसार लहानापासून मोठ्याकडं लावून बघा. सगळ्यात वर जर उणे ५० किंवा उणे ८० टक्के दिसत असेल, तर तो गॅप नसून बोनस किंवा स्प्लिट आहे. अशा रात्री पुसून टाका.

डीमर्जर, म्हणजे कंपनीचा एक धंदा वेगळ्या कंपनीत काढणं, ओळखायला अवघड जातो, कारण आकडा विश्वास बसेल असा असतो. २० जुलै २०२३ ला रिलायन्सचा भाव खास प्री-ओपननंतर २,५८० ठरला, आदल्या दिवशीचा क्लोज २,८४१.८५ होता. शीटमध्ये हा ९ टक्क्यांचा गॅप दिसेल. पण त्या बदल्यात भागधारकाला जिओ फायनान्शियलचा शेअर मिळाला होता, नुकसान काहीच नव्हतं. मोठ्या डिव्हिडंडच्या एक्स-डेटचंही तसंच.

उलट बाजूनंही चूक होते. पाच टक्के सर्किटच्या, म्हणजे दिवसात पाच टक्क्यांपलीकडं भाव हलू दिला जात नाही अशा छोट्या शेअरमध्ये वाईट बातमी आली की लागोपाठ तीन-चार दिवस लोअर सर्किट लागतं. शीटमध्ये रोजचा गॅप जेमतेम ५ टक्के दिसतो, पण त्या दिवसांत विकता कुणालाच येत नव्हतं. हे चारही दिवस मिळून एकच गॅप धरायचा, पहिल्या दिवसाआधीच्या क्लोजपासून सर्किट उघडलं त्या भावापर्यंत. हे हातानं करावं लागतं आणि कंटाळवाणं आहे. माझं मत विचाराल तर स्टॉपवर चालणाऱ्यानं असल्या शेअरच्या वाटेला जाऊच नये. स्टॉप तिथं नावापुरता असतो.

४. निकालाच्या रात्री वेगळ्या काढा

आता सगळ्यात वाईट पंधरा-वीस गॅपच्या तारखा बघा. बहुतेक शेअरमध्ये एक गोष्ट लगेच दिसते: त्यातले बरेच तिमाही निकालानंतरच्या सकाळचे असतात. निकालाची रात्र आणि साधी रात्र या दोन वेगळ्या जाती आहेत. दोन्ही एकत्र मोजल्या तर साध्या रात्रीसाठी धोका जास्त दिसतो आणि निकालाच्या रात्रीसाठी फार कमी.

शीट पुन्हा तारखेनुसार जुनं वर, नवं खाली लावा आणि जी कॉलममध्ये निकालानंतरच्या पहिल्या ओपनसमोर N लिहा. तारीख नीट बघा, कारण काही कंपन्या बाजार चालू असतानाच निकाल देतात, मग त्याचा धक्का गॅपमध्ये दिसतच नाही. काही मोठ्या बँका शनिवारी देतात, त्यांचा गॅप सोमवारी दिसतो.

आपल्या भागात साखरेचे शेअर घेणारे पुष्कळ. त्यांनी निकालाबरोबर सरकारी निर्णयांच्या तारखाही बघाव्यात. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं, तेव्हा साखरेचे शेअर कसे आपटले ते अनेकांना आठवत असेल. फरक एवढाच की निकालाची तारीख आधी कळते आणि असल्या निर्णयाची कळत नाही. म्हणून निकालाच्या रात्री यादीतून बाजूला काढता येतात, धोरणाच्या काढता येत नाहीत. त्या साध्या रात्रींतच राहू द्या.

मग दोन आकडे काढा. पहिला, साध्या रात्रींमधला शंभरातला सर्वात वाईट, म्हणजे ज्याच्यापेक्षा मोठा खालचा गॅप शंभरात एकदाच पडला. दुसरा, आजवरचा सर्वात वाईट.

```
=PERCENTILE.INC(FILTER(F3:F1402,G3:G1402=""),0.01)
=MIN(FILTER(F3:F1402,G3:G1402=""))
```

१४०२ च्या जागी तुमच्या शेवटच्या ओळीचा आकडा घाला. पुसलेल्या खोट्या गॅपच्या पूर्ण ओळीच काढा, रिकामा चौकोन ठेवलात तर सूत्र गडबडू शकतं.

शंभरात एक म्हणजे फार दुर्मीळ असं वाटेल. पण तुम्ही शेअर एक रात्र ठेवत नाही. दहा रात्री ठेवलात तर त्यातली एक तरी अशी निघण्याची शक्यता साडेनऊ टक्के होते, वीस रात्रींना अठरा टक्के. वर्षभर सतत काही ना काही हातात असेल, तर ही रात्र तुम्हाला भेटणारच.

५. क्वांटिटी काढा

उदाहरणासाठी एक काल्पनिक शेअर घेऊ. भांडवल ६,००,०००. एका ट्रेडला एक टक्का, म्हणजे ६,००० रुपये घालवायची तयारी. खरेदी ८०० ला, स्टॉप ७७६ ला. शीटमधून आलेले आकडे: साध्या रात्रीचा शंभरातला वाईट गॅप २.६ टक्के, सर्वात वाईट ७.८ टक्के (मार्च २०२०), आणि निकालाच्या रात्रीचा सर्वात वाईट ११.५ टक्के.

नेहमीच्या गणितानं: फरक २४ रुपये, ६,००० भागिले २४ म्हणजे २५० शेअर. दोन लाखांचा माल.

आता गॅप घालायचा, पण कुठून मोजायचा? नवीन माणूस इथं खरेदी भावापासून मोजतो. ८०० पासून २.६ टक्के खाली म्हणजे ७७९.२०. हे तर स्टॉपच्या वरच आहे, मग काळजी कसली, असं त्याला वाटतं. पण गॅप तुमच्या खरेदी भावापासून पडत नाही, आदल्या संध्याकाळच्या क्लोजपासून पडतो. तोट्यात जाणारा ट्रेड एका झटक्यात ८०० वरून खाली येत नाही. ७९५, ७८८, ७८१ असा घसरत येतो आणि एखाद्या संध्याकाळी ७७७ ला, स्टॉपच्या जेमतेम वर बंद होतो. त्या रात्री गॅप पडला तर तोटा म्हणजे स्टॉपपर्यंतचा पूर्ण फरक आणि वर पूर्ण गॅप.

म्हणून सूत्र असं:

एका शेअरमागचा तोटा = (खरेदी − स्टॉप) + स्टॉप × गॅप

आपल्या उदाहरणात २४ अधिक ७७६ चे २.६ टक्के म्हणजे २०.१८. एकूण ४४.१८ रुपये.

```
=INT(6000/((800-776)+776*0.026))
```

उत्तर १३५ शेअर. २५० च्या जागी १३५, म्हणजे माल एक लाख आठ हजारांचा.

'स्टॉप लावलाय की, मग एवढी कमी क्वांटिटी कशाला?' हा प्रश्न माझ्या ओळखीच्या एका लेथवाल्यानं केला होता. त्याला शीटवरच दाखवलं. शेअर ७७७ च्या आसपास बंद झाला आणि सकाळी २.६ टक्के खाली उघडला, तर २५० शेअरवर तोटा अकरा हजारांच्या घरात जातो. त्याच्या डोक्यात मर्यादा सहा हजारांची होती. तो एक टक्क्याची जोखीम घेतोय असं समजत होता, प्रत्यक्षात जवळजवळ दोन टक्क्यांची घेत होता, आणि ज्या ट्रेडमध्ये स्टॉप नीट भरला जायचा त्यांच्यामुळं ते कधी दिसत नव्हतं.

हे सूत्र जरा जास्तच सावध आहे, कारण प्रत्येक गॅप स्टॉपच्या तोंडाशी असतानाच पडेल असं ते धरतं. तो सावधपणा मला परवडतो. त्यातून थोडी सूट कशी घ्यायची ते आठव्या पायरीत आहे.

निकालाची रात्र पार करायची असेल, तर २.६ च्या जागी ११.५ घाला. तोटा ११३.२४ रुपये होतो आणि क्वांटिटी ५२ येते. निकाल वर्षाला चार, त्यामुळं तुमच्याकडं जेमतेम वीस-पंचवीस निकालाच्या रात्री असतात. एवढ्याशा संख्येतून शंभरातला एक काढणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं, म्हणून तिथं सरळ सर्वात वाईट आकडा घ्यायचा. निकालाच्या आदल्या दुपारी १३५ चे ५२ करा, किंवा सगळे विका.

६. जवळचा स्टॉप आणि वरची मर्यादा

नेहमीच्या गणितातला सगळ्यात मोठा सापळा हा आहे. स्टॉप जितका जवळ, तितकी क्वांटिटी जास्त. ८०० ला घेऊन ७९२ ला स्टॉप लावला तर फरक फक्त ८ रुपये, आणि क्वांटिटी येते ७५०. म्हणजे ६ लाखांचं सगळं भांडवल एकाच शेअरमध्ये, तेही 'फक्त एक टक्का जोखीम' म्हणून. गॅपला तुमच्या स्टॉपचं अंतर माहीत नसतं. मार्च २०२० सारखी ७.८ टक्क्यांची सकाळ आली, तर ७५० शेअरवर ५२,००० च्या वर जातात.

आपल्या सूत्रानं याच स्टॉपला क्वांटिटी येते २०९. तीसुद्धा मी घेत नाही, कारण शंभरातल्या एका रात्रीच्या पलीकडंही रात्री असतात. त्यासाठी दुसरी मर्यादा: सर्वात वाईट गॅपच्या दीडपट गॅप पडला, तरी तोटा भांडवलाच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये.

दीडपट का, तर आजवरचा सर्वात वाईट आकडा ही शेवटची हद्द नसते. २००५ च्या पुराची खूण बघून ज्यांनी जोतं उचललं, त्यांच्याही घरात २०१९ ला पंचगंगेचं पाणी शिरलं. दीड हा आकडा कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही, माझा अंदाज आहे. ज्या शेअरचा इतिहास दोन-तीन वर्षांचाच आहे, नुकताच आयपीओ झालेला, तिथं मी दीडपटीवर न थांबता सरळ २० टक्के धरतो.

दीडपटीलाही कारण आहे. इंडसइंड बँकेनं १० मार्च २०२५ ला बाजार बंद झाल्यावर डेरिव्हेटिव्हच्या हिशेबातली तफावत जाहीर केली. दुसऱ्या सकाळी शेअर साधारण १० टक्के खाली उघडला आणि बंद होताना २७ टक्के खाली होता. एफ अँड ओमधल्या शेअरना पक्कं सर्किट नसतं, पण सुरुवातीचा पट्टा १० टक्क्यांचा असतो आणि तो मागाहून सरकवला जातो. म्हणजे गॅप कॉलममध्ये उणे १० दिसला तर त्याचा अर्थ 'निदान १०' असा घ्यायचा. लिमिट प्रकारचा स्टॉप त्या दिवशी लटकला असेल, तर २७ पर्यंतची वाट मोकळी होती.

तर हिशेब: ७.८ ची दीडपट ११.७ टक्के. ७९२ च्या स्टॉपला तोटा ८ अधिक ९२.६६ म्हणजे १००.६६. तीन टक्के म्हणजे १८,००० रुपये. भागाकार १७८. २०९ आणि १७८ यांतला लहान आकडा घ्यायचा, म्हणून १७८.

७७६ च्या स्टॉपला हीच मर्यादा १५६ येते. तिथं आधीचं १३५ हेच लहान असल्यानं ते राहतं. स्टॉप लांब असला की पहिलं सूत्र अडवतं, जवळ असला की दुसरं.

७. सगळे शेअर एकदम पडतात त्या रात्रीचं काय

पाच शेअरमध्ये प्रत्येकी एक टक्का जोखीम म्हणजे पाच टक्के, आणि पाचही एकदम कधी पडतील, असं आपण म्हणतो. एकट्या कंपनीची बातमी असेल तर ते ठीक. पण ७ एप्रिल २०२५ ला किंवा २३ मार्च २०२० ला, जेव्हा निफ्टी सुमारे ९ टक्के खाली उघडली, सगळे एकाच सकाळी पडले. मार्च २०२० च्या त्या दिवशी तर थोड्याच वेळात निफ्टीनं १० टक्क्यांची पातळी मोडली आणि बाजारच पाऊण तास बंद ठेवला गेला.

हे मोजायला फार डोकं लागत नाही. तुमच्या पाचही शेअरचे गॅप एकाच शीटमध्ये, एकाच तारखेसमोर शेजारी शेजारी ठेवा, समजा एल ते पी कॉलममध्ये. पहिल्या ओळीत प्रत्येक शेअरमध्ये आज किती रुपये आहेत ते लिहा. मग प्रत्येक तारखेला आजची झोळी किती रुपयांनी हलली असती ते काढा:

```
=SUMPRODUCT($L$1:$P$1,L5:P5)
```

या कॉलमचा सर्वात लहान आकडा म्हणजे आजच्या तुमच्या मालावर पडलेली इतिहासातली सर्वात वाईट रात्र. पाच लाखांचा माल असेल आणि आकडा उणे ४५,००० आला, तर तो सहा लाखांच्या भांडवलाचा साडेसात टक्के झाला. तो सोसवत नसेल तर सगळ्यांची क्वांटिटी त्याच प्रमाणात कमी करा. एकाच धंद्यातले तीन शेअर असतील, उदाहरणार्थ तीन साखर कारखाने, तर हा आकडा तुम्हाला वाटला त्यापेक्षा नक्की मोठा निघेल.

८. दुपारी सव्वातीनचा नियम

पाचव्या पायरीत सूट म्हणालो ती अशी. धोका स्टॉपच्या तोंडाशी रात्र काढण्यात आहे. मग ती रात्र काढायचीच नाही.

आपल्या उदाहरणात नियम असा करा की सव्वातीनला भाव ७८५ च्या खाली असेल, तर स्टॉप लागायची वाट न बघता त्याच दिवशी विकायचं. मग सर्वात वाईट म्हणजे ७८५ ला बंद होऊन तिथून २.६ टक्के गॅप. उघडेल ७६४.५९ ला, तोटा ३५.४१ रुपये. पहिल्या सूत्रानं क्वांटिटी १६९, दुसऱ्या मर्यादेनं १६८. म्हणजे १३५ च्या जागी १६८ शेअर घेता येतात.

याची किंमत आहेच. ७८३ ला विकलेले काही शेअर दुसऱ्या दिवशी ८२० ला जातील आणि तुम्ही चडफडाल. शिवाय हा नियम रोज सव्वातीनला मोबाइल हातात असणाऱ्यालाच लागू. त्या वेळी भट्टीपाशी उभे असाल, किंवा वर्गात शिकवत असाल, तर १३५ वरच राहा. नियम करून १६८ घ्यायचे आणि सव्वातीनला फोन बघायचा नाही, हे सगळ्यात वाईट.

९. ऑर्डर लावताना

जीटीटी किंवा लिमिट प्रकारचा स्टॉप लावताना ट्रिगर आणि लिमिट यांच्यात भरपूर अंतर ठेवा. ट्रिगर ७७६ असेल तर लिमिट ७३० सुद्धा चालेल. ७३० ला विकलं जाईल अशी भीती लोकांना वाटते, पण विक्रीची लिमिट ही किमान भावाची अट असते. बाजार ७५५ ला असेल आणि तिथं गिऱ्हाईक असेल तर ७५५ लाच विकलं जातं. अंतर एक-दोन रुपये ठेवणं हेच धोक्याचं.

डिलिव्हरीचे शेअर विकायला डिमॅटची परवानगी लागते. ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे ही परवानगी एकदाच कायमची दिल्याचा कागद, दिलेलं नसेल, तर विकायच्या दिवशी टीपिन टाकून मंजुरी द्यावी लागते. ती दिली नसेल तर जीटीटी बरोबर ट्रिगर होते आणि ऑर्डर नाकारली जाते. स्टॉपवर चालायचं असेल तर डीडीपीआय आधी करून घ्या.

पहाटे गिफ्ट निफ्टी, म्हणजे आपला बाजार बंद असतानाही गिफ्ट सिटीत चालणारा निफ्टीचा वायदा, जोरात खाली दिसली आणि तुमचा शेअर स्टॉपच्या खाली उघडणार हे दिसत असेल, तर ९ ते ९.०७ च्या दरम्यान प्री-ओपनमध्ये हातानं विक्रीची ऑर्डर टाकता येते. ओपनला जो एक भाव ठरतो त्यालाच सुटता, ९.१५ च्या गर्दीत सापडत नाही. आधी जुनी जीटीटी रद्द करा, नाहीतर एकच माल दोनदा विकायला जाल.

वायद्यात हे गणित जसंच्या तसं बसत नाही, कारण लॉट तोडता येत नाही. सूत्रानं १३५ सांगितले आणि लॉट ५५० चा असेल, तर त्या भांडवलावर तो वायदा तुमच्यासाठी नाही.

१०. वहीत तीन रकाने वाढवा

प्रत्येक स्टॉप लागल्यावर स्टॉपचा भाव, आदल्या दिवशीचा क्लोज आणि प्रत्यक्ष विकला गेलेला भाव लिहा. वीस-तीस स्टॉप जमले की ठरवलेल्या तोट्याच्या किती पट तोटा प्रत्यक्षात झाला ते दिसेल. बहुतेक वेळा तो ६,००० पेक्षा बराच कमी असायला हवा, कारण गॅपशिवाय लागलेल्या स्टॉपला १३५ शेअरवर ३,२०० च्या आसपासच जातात. तीसमध्ये चार-पाच वेळा ६,००० ओलांडले असतील, तर एक तर डेटात काही राहून गेलंय किंवा बाजार सध्या जास्त हलतोय. शेवटच्या साठ रात्रींच्या गॅपची सरासरी, खाली-वर न बघता, पूर्ण इतिहासाच्या सरासरीशी ताडून बघा. ती दीडपट असेल तर २.६ च्या जागी ३.९ घालून क्वांटिटी पुन्हा काढा. साठ रात्रींची सरासरी कमी आली, तर मात्र आकडा खाली आणू नका. एफ कॉलमवरची ही सगळी सूत्रं दर तिमाहीला, निकालाची नवी तारीख टाकताना, पुन्हा चालवा.